सासऱ्यांनी बंद केलेलं बटण आणि डिकीतला फोन

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. फोन घेऊन दीड वर्ष झालं आणि आता संध्याकाळी पाचलाच बॅटरी २० टक्क्यांवर येते. सासरे म्हणतात, रात्रभर चार्जिंगला लावून मीच ती मारली. ते कदंबच्या बसडेपोत मेकॅनिक होते, बॅटऱ्यांतलं त्यांना कळतं. म्हणून ते रोज रात्री अकराला उठून चार्जिंगची सगळी बटणं बंद करतात. मला फोन लावायला उशीर झाला की सकाळी तो अर्धाच भरलेला मिळतो. मुलगा म्हणतो, आता फोन स्वतःच सगळं सांभाळतो, त्यात ‘ऑप्टिमाइज्ड चार्जिंग’ आहे, आजोबांना सांग निवांत झोपा. पण नवरा वेर्ण्याला कंपनीत शिफ्टला असतो. त्याच्या आयफोनवर ते सेटिंग चालू असूनही फोन सरळ १०० वर जातो. बरं, शाळेत मी फोन वापरतही नाही. वर्गात नेता येत नाही म्हणून तो स्कूटरच्या डिकीतच असतो. मग बॅटरी खराब झाली कशाने? घरात रोज यावरून कुरबुर चालते. कोणाचं ऐकू?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. त्याच्याकडे मी येते, पण आधी सासऱ्यांचं बघू, कारण त्यांना उडवून लावणं हा त्यांच्यावर अन्याय होईल.

बसच्या बॅटरीत शिसं आणि आम्ल असतं. ती पूर्ण भरल्यावरही चार्जर चालूच राहिला, तर आतल्या पाण्याचं विघटन होऊन वायू सुटतो, पाण्याची पातळी खाली जाते, प्लेटा खराब होतात. वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घालणं हे डेपोतलं रोजचंच काम. ज्या माणसाने आयुष्यभर हे पाहिलं, तो भरलेली बॅटरी चार्जरवर पाहून अस्वस्थ होणारच. त्यांचं ज्ञान खरं आहे, फक्त ते वेगळ्या रसायनाचं आहे. आणि गंमत अशी, की एका बाबतीत ही दोन रसायनं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. शिशाची बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती मरते. तिला भरलेलं राहणं आवडतं. लिथियम-आयन बॅटरीला मात्र अर्धवट राहणंच मानवतं, आणि काठोकाठ भरून पडून राहणं सोसत नाही.

आता फोन रात्री चार्जरवर असतो तेव्हा काय होतं ते बघा. भिंतीतल्या ज्या ठोकळ्याला आपण चार्जर म्हणतो, तो नुसता वीज पुरवतो. किती घ्यायची आणि कधी थांबायचं हे फोनच्या आतली चिप ठरवते. बॅटरी रिकामी असताना ती भरपूर करंट आत सोडते. बॅटरीचा व्होल्टेज ठरलेल्या कमाल पातळीला पोचला, की चिप तो तिथेच धरून ठेवते आणि करंट हळूहळू कमी होत जातो. रिकाम्या बसमध्ये पहिले प्रवासी पटापट चढतात आणि शेवटच्यांना मात्र एकेक करून जागा शोधावी लागते, तसं हे आहे. लिथियमच्या कणांनाही ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरून जागा घ्यायची असते. म्हणूनच शेवटचे २० टक्के भरायला इतका वेळ लागतो. करंट अगदी किरकोळ उरला की चिप चार्जिंग तोडून टाकते. त्यानंतर पिन लागलेली असली तरी फोन आपलं काम बहुतेक बाहेरून येणाऱ्या विजेवर चालवतो. बॅटरी जराशी उतरली तर पुन्हा थोडी भरून घेतो, एवढंच. म्हणजे सासऱ्यांना जी भीती वाटते, भरलेल्या बॅटरीत वीज कोंबत राहण्याची, ती गोष्ट धड चाललेल्या फोनमध्ये घडतच नाही.

मग रात्रभराच्या चार्जिंगने काहीच बिघडत नाही का? बिघडतं, पण वायरमुळे नाही.

बॅटरी १०० टक्के भरलेली असते तेव्हा तिच्या धन बाजूतलं बरंचसं लिथियम निघून गेलेलं असतं आणि तिथला व्होल्टेज चढलेला असतो. त्या स्थितीत आतला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, धन बाजूच्या पृष्ठभागावर हळूहळू बिघडू लागतो. दुसरीकडे ग्रॅफाइटवर एक पातळ थर असतो, तो जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. अडकलेलं लिथियम परत कामाला येत नाही. तेवढी तुमची बॅटरी लहान झाली. हे सगळं फोन न वापरताही चालू असतं. त्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो : बॅटरी किती भरलेली आहे आणि किती गरम आहे. दोन्ही एकत्र आल्या की वेग फार वाढतो.

इथे सासऱ्यांच्या उठण्याचा हिशेब लावू. समजा तुम्ही साडेनऊला २० टक्क्यांवर फोन लावला. साधारण ५००० एमएएचची बॅटरी आणि २५ वॉटचा चार्जर असेल तर अकराच्या सुमाराला तो भरत आलेला असतो. सासरे बटण बंद करतात. तुम्ही सव्वापाचला उठता तेव्हा फोन दाखवतो ९६ किंवा ९७. म्हणजे रात्रभर बॅटरी जवळजवळ भरलेलीच होती! वायर निघाली तरी व्होल्टेज उतरला नाही. आतलं रसायन वायरकडे बघत नाही, व्होल्टेजकडे बघतं. त्यांनी झोपमोड करून जे वाचवलं, ते नगण्य आहे. आणि ज्या दिवशी तुम्ही उशिरा लावलात, त्या दिवशी अर्ध्यावर थांबलेली बॅटरी रात्रभर सुखात राहिली, हेही खरं. पण तुम्हाला अर्धा फोन घेऊन शाळेत जावं लागलं, आणि बॅटरीसाठी माणसाने गैरसोय सोसणं मला काही पटत नाही.

रात्री लावल्याने ‘सायकल’ जास्त मोजली जाते, असंही लोक समजतात. तसं नाही. एकूण १०० टक्के वापर झाला की एक सायकल. आज ५० आणि उद्या ५० मिळूनही एकच. तुम्ही फोन किती वेळा खोचला याला त्यात किंमत नाही.

आता मुलाच्या म्हणण्याकडे. ऑप्टिमाइज्ड, अ‍ॅडॅप्टिव्ह, स्मार्ट, नाव काहीही असो, या सोयीमागची कल्पना एकच आहे : फोन साधारण ८० टक्क्यांपर्यंत नेऊन थांबवायचा आणि तुम्ही उठण्याच्या थोडं आधी उरलेले २० भरायचे. साडेदहाला लावलेला फोन साडेअकराच्या आसपास ८० ला पोचतो, तिथे पहाटेपर्यंत बसून राहतो आणि सव्वापाचच्या आधी पूर्ण होतो. भरलेल्या स्थितीत जे पाच-सहा तास गेले असते, त्यांचा तास-दीड तास झाला. एवढंच काम ही सोय करते. ती बॅटरी बरी करत नाही, थंड करत नाही, झालेली झीज भरून काढत नाही.

आणि हे करण्यासाठी तिला एक गोष्ट माहीत असावी लागते : तुम्ही पिन कधी काढणार. इथेच तुमच्या घरातल्या फोनांची गोची झाली आहे.

आयफोनवर ही सोय २०१९ साली आयओएस १३ सोबत आली. ती तुमच्या सवयी फोनमध्येच शिकते, आणि अ‍ॅपलने सांगितलेल्या अटी चांगल्याच कडक आहेत. शिकायला निदान १४ दिवस लागतात, आणि त्याच ठिकाणी पाच तास किंवा त्याहून जास्त वेळाची किमान नऊ चार्जिंगं झालेली असावी लागतात. शिवाय लोकेशन चालू असावं लागतं. ‘सिग्निफिकंट लोकेशन्स’ बंद असेल तर फोनला घर कुठलं आणि परकी जागा कुठली हेच कळत नाही. तुमच्या यजमानांची शिफ्ट बदलत असेल, एक आठवडा रात्री दहाला फोन लागतो, पुढच्या आठवड्यात सकाळी आठला, तर फोनला पिन निघण्याच्या वेळेचा भरवशाचा अंदाज येणारच नाही. अशा वेळी तो जोखीम घेत नाही, सरळ १०० भरून टाकतो. सेटिंग बिघडलेलं नाही. अंदाज नसताना गप्प बसायचं, असंच ते बनवलेलं आहे. सोय काम करते तेव्हा लॉक स्क्रीनवर फोन किती वाजता पूर्ण भरेल ते लिहून येतं. तसं काही कधीच दिसत नसेल, तर ती त्या घरात, त्या माणसासाठी चालत नाही असं समजावं.

तुमच्या फोनचं दुखणं वेगळं. तुमचं वेळापत्रक शाळेच्या घंटेसारखं पक्कं; या सोयीला याहून चांगलं गिऱ्हाईक नाही. पण रोज अकराला वीज तुटते. फोनच्या दृष्टीने तुम्ही रोज अकराला पिन काढता! सवयीवरून शिकणारा फोन यातून हेच शिकतो, की या बाईंना लवकर चार्जिंग हवं आहे, थांबण्यात अर्थ नाही. म्हणजे सासरे बॅटरी वाचवण्यासाठी जे करतात, त्यानेच बॅटरी वाचवणारी सोय बंद पडली आहे. हे त्यांना नीट समजावून सांगितलंत तर मेकॅनिक माणसाला ते लगेच पटेल असं मला वाटतं. ‘मामा, तुम्ही चूक’ अशी सुरुवात मात्र करू नका. फोनची बॅटरी बसच्या बॅटरीच्या उलट वागते, तिला अर्धवट राहायला आवडतं, इथून सुरू करा. ते स्वतःच पुढचे प्रश्न विचारतील.

पावसाळ्यात या सोयीची आणखी एक पंचाईत होते. पहाटे तीनला वीज गेली आणि साडेपाचपर्यंत आली नाही, तर ८० वर थांबलेला फोन ८० वरच राहतो. आपल्याकडे जून-जुलैत हे होतंच. ८० टक्के दिवसाला पुरत असतील तर काळजी नाही. पुरत नसतील, तर ज्या रात्री वादळवारा आहे त्या रात्री फोन आधीच पूर्ण भरून घ्या. आयफोनवर त्या लॉक स्क्रीनवरच्या सूचनेवर बोट दाबून धरलं की लगेच पूर्ण भरण्याचा पर्याय येतो. आणि हो, विजा कडाडत असताना पिन काढून ठेवा. ते बॅटरीच्या आयुष्यासाठी नाही, तारेवाटे येणाऱ्या झटक्यासाठी. मे महिन्याच्या शेवटी आणि पुन्हा ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की सासऱ्यांनी खुशाल बटणं बंद करावीत; तेव्हा तेच बरोबर आहेत.

काही जण यावर उपाय म्हणून टायमरचा सॉकेट आणतात, म्हणजे पहाटे साडेतीनला वीज सुरू, पाचला बंद. जुन्या फोनमध्ये ही सोय नसेल तर कल्पना वाईट नाही. फक्त चकती फिरवायचा स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो आणि नंतर तेवढाच मागे चालतो. दोन वेळा वीज गेली की तुमचा फोन भर सकाळी सातला चार्ज व्हायला लागेल.

बरं, या सगळ्याने फायदा तरी किती? बॅटरीवाल्यांच्या जगात एक जुना तक्ता नेहमी दाखवला जातो. बॅटरी वर्षभर नुसती ठेवून दिली तर तिची क्षमता किती उरते, याचा. २५ अंशांना ४० टक्के भरून ठेवलेली बॅटरी वर्षाने ९६ टक्के उरते, पूर्ण भरून ठेवलेली ८०. तापमान ४० अंश असेल तर तेच आकडे ८५ आणि ६५ होतात. हे जुन्या सेलांचे ढोबळ आकडे आहेत, तुमच्या फोनला जसेच्या तसे चिकटवू नका. पण दिशा कळायला पुरेसे आहेत. पहिल्या ओळीत भरलेल्या आणि अर्धवट बॅटरीत वर्षाला १६ टक्क्यांचा फरक दिसतो, तो चोवीस तास भरून ठेवल्यावरचा. तुमचा फोन रात्री सहा तास भरलेला असतो, म्हणजे दिवसाचा पाव भाग. तेव्हा फरक चारेक टक्क्यांचा. त्यातही ही सोय बॅटरीला ४० वर नाही, ८० वर थांबवते, म्हणजे वाचतात त्याहूनही कमी. वर्षाला दोन-तीन टक्के वाचले तर खूप, असा माझा अंदाज. वाचवावेत, जरूर वाचवावेत, फुकटच आहेत. पण दीड वर्षात बॅटरी पाचलाच दम टाकायला लागते ती एवढ्याने नाही.

आता डिकी.

तुम्ही लिहिलंय, शाळेत फोन वापरतच नाही. पण वर सांगितलं तसं, झीज व्हायला वापर लागत नाही. तुम्ही सकाळी भरलेला फोन घेऊन निघता. पावणेआठला तो डिकीत जातो, तेव्हा अजून नव्वदीत असतो. स्कूटरची डिकी सीटच्या खाली, म्हणजे इंजिनच्या डोक्यावर. तुम्ही नुकतीच स्कूटर चालवून आलेल्या असता, त्या इंजिनची ऊब आधी वर येते. मग दहानंतर सीटवर ऊन येतं, आणि काळं सीट ते ऊन पिऊन घेतं. बाहेर ३२-३३ अंश असले तरी बंद डिकी ४५ च्या पुढे जाऊ शकते. तिथे फोन, बहुतेक कव्हरसकट, एक वाजेपर्यंत पडून असतो. म्हणजे भरलेली बॅटरी आणि उष्णता, दोन्ही एकत्र, शाळेच्या प्रत्येक दिवशी पाच तास. अ‍ॅपलसारखी कंपनी आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा आणि बंद फोनही ४५ च्या वर ठेवू नका असं सांगते. तुमचा फोन तर डिकीत चालू असतो, नेटवर्क शोधत असतो, स्वतःही थोडा गरम होत असतो.

त्याच तक्त्यात पुन्हा बघा. भरलेली बॅटरी २५ अंशांना वर्षात २० टक्के गमावते, ४० ला ३५. आणि ४५ च्या वर काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा; अशा रासायनिक क्रिया दर १० अंशांना साधारण दुप्पट होतात असा एक ढोबळ नियम आहे. रात्रीचे सहा तास २७-२८ अंशांच्या खोलीत आणि सकाळचे पाच तास डिकीत, यांत बॅटरीला जास्त मारणारं कोण, हे सांगायला नको. तुमच्या घरात सगळी चर्चा रात्रीची चालली आहे आणि नुकसान दिवसा होतंय.

हे तपासून बघणं सोपं आहे. शाळा सुटल्यावर डिकी उघडताच फोनची पाठ हाताला लावा. आंघोळीच्या कोमट पाण्यापेक्षा गरम लागली, तर उत्तर मिळालं. फोनच कधी कधी तापमानाची सूचना देऊन बंद पडलेला सापडला असेल, तर उत्तर आधीच मिळालेलं होतं. आणि घरी आल्या आल्या तसाच गरम फोन चार्जिंगला लावत असाल तर तेही थांबवा. आधी अर्धा तास पंख्याखाली निवू द्या. गरम झालेला फोन ८० च्या वर चार्जिंग थांबवतो किंवा संथ करतो, ती सोय बिघडलेली नसते, स्वतःला वाचवत असते.

तेव्हा तुमच्यासाठी पहिला उपाय सेटिंगचा नाही. मुख्याध्यापकांशी बोला. वर्गात फोन नको हे ठीक आहे, पण स्टाफरूममधल्या कपाटात, सावलीत, तो बंद करून ठेवायला हरकत असण्याचं कारण नाही. ते जमलं नाही तर स्कूटर दहानंतरही सावली राहील अशा जागी लावा आणि फोन डिकीऐवजी पिशवीत घालून वर्गाच्या बाहेर ठेवता येतो का बघा. अगदी डिकीच नशिबी असेल, तर निदान भरलेला फोन तिथे नेऊ नका.

याच शेवटच्या मुद्द्यावरून दुसरं सेटिंग येतं, ८० टक्क्यांची मर्यादा. बऱ्याच सॅमसंग फोनांत Settings मधल्या Battery खाली Battery protection आहे. २०२४ च्या आवृत्तीत त्यात Basic, Adaptive आणि Maximum असे तीन पर्याय मिळाले. Basic मध्ये फोन १०० ला थांबतो आणि ९५ ला उतरल्यावरच पुन्हा भरतो. Adaptive म्हणजे झोपेत ८० वर थांबणं आणि उठण्याआधी पूर्ण भरणं. Maximum म्हणजे ८० ला कायमचं थांबणं. आयफोन १५ आणि त्यापुढच्या फोनांतही अशी मर्यादा आहे. आयओएस १८ पासून ती ८० ते १०० च्या मध्ये पाच-पाच टक्क्यांनी ठरवता येते. तुमच्या फोनवर नावं वेगळी असतील, पण बॅटरीच्या पानावर शोधलं की सापडतात.

ही मर्यादा सरसकट सगळ्यांनी लावावी असं मला वाटत नाही. दोन वर्षांनी बॅटरी २० टक्के कमी होऊ नये म्हणून आजपासूनच २० टक्के न वापरणं, हा सौदा काहींना परवडतो, काहींना नाही. तुमचे यजमान शिफ्टवाले. त्यांचा फोन शिकू शकत नाही, तर त्यांच्यासाठी अंदाजावर न चालणारी ही मर्यादाच बरी, कारण ती वेळ बघत नाही. फोन आयफोन १५ च्या आधीचा असेल तर ही सोय त्यात मिळणार नाही, तेव्हा त्यांनी फोन रात्री न लावता उठल्यावर आवरेपर्यंत लावावा. मर्यादा लावल्यावरही आयफोन मधूनच एखाद्या दिवशी १०० पर्यंत भरताना दिसेल. टक्क्यांचा हिशेब अचूक राहावा म्हणून तो ते मुद्दाम करतो. तुम्हाला मात्र आज, बॅटरी खंगलेली असताना, ८० ची मर्यादा घालून घेतली तर संध्याकाळी पाचलाच फोन बंद पडेल. तुम्ही Adaptive किंवा त्यासारखं सेटिंग ठेवा, रात्री बटण चालू राहू द्या आणि दोन-तीन आठवडे त्याला शिकायला द्या.

रात्रीच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगते. फोन उशीखाली किंवा गादीवर चार्ज करू नका, टेबलावर, जमलं तर कव्हर काढून करा. उष्णतेला बाहेर पडायला जागा लागते, आणि आगीची भीती असते तीही अशाच जागी. आणि घरात जुना दहा वॉटचा चार्जर पडला असेल तर रात्रीसाठी तोच वापरा. तीन तास लागले तर लागू देत, तुम्ही झोपलेल्याच आहात, आणि फोन कमी तापतो. नवा घ्यायचा तर बीआयएसचं नोंदणी चिन्ह आणि R- ने सुरू होणारा क्रमांक छापलेला घ्या. आठवड्याच्या बाजारातले बिननावाचे चार्जर नकोत.

आता कटू भाग. गेलेली क्षमता परत येत नाही. शून्यापर्यंत उतरवून पुन्हा भरण्याचा जो उपाय कोणीतरी तुम्हाला सांगेल, तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा आहे. लिथियमला त्याने फायदा होत नाही. फार तर टक्क्यांचा आकडा थोडा खरा दिसू लागतो. तुमच्या फोनच्या बॅटरीच्या पानावर आरोग्याचा आकडा दिसत असेल तर तो बघा. ८० च्या खाली असेल, किंवा २० टक्के दाखवत असताना फोन एकदम बंद पडत असेल, तर बॅटरी बदलायची वेळ झाली. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून बदला आणि बिल जपून ठेवा, बदललेल्या भागावर वॉरंटी असते.

आणि सेवा केंद्रात जाण्याआधी फोन पाठीवर टेबलावर ठेवून बघा. तो पूर्वी डुगडुगत नव्हता आणि आता डुगडुगत असेल, किंवा स्क्रीनची कडा कुठे वर आलेली दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे. डिकीतल्या फोनच्या बाबतीत ही शक्यता मी गंभीरपणे घेईन. मग त्याला चार्जिंगला लावू नका, दाबू नका, घरी उघडू नका. बंद करून त्याच दिवशी घेऊन जा. जुनी बॅटरी तिथेच द्या, कचऱ्यात टाकू नका.